वसुलीचा फोन आला तर

सातपूरला शिफ्टवर असताना फोन वाजला, की आधी एवढंच विचारा: नाव काय, कुठल्या एजन्सीचे, कोणत्या बँकेसाठी? मग म्हणा, "बँकेचं अधिकारपत्र पाठवा, मग बोलू." खरा एजंट ते देतो. टाळाटाळ झाली, तर बँकेत फोन करून त्याचं नाव पडताळा.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या परिपत्रकानुसार थकीत कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांमध्ये बदनामी हेही बंद. समजा, रात्री 9 ला मेहुण्याला फोन गेला. वाद घालू नका. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट ठेवा आणि तारीख-वेळेसकट बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार फुकट होते.

"उद्या पोलीस उचलतील" ही बहुधा नुसती भीती; हप्ता थकणं हा स्वतःहून गुन्हा नाही. चेक किंवा ऑटो-डेबिट बाऊन्स झाल्याची नोटीस मात्र वेगळी, ती लगेच वकिलाला दाखवा.

पैसे एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाहीत. थेट कर्जखात्यात भरा. तक्रार केली म्हणून व्याज थांबत नाही, हेही ध्यानात असू द्या.