बाळाच्या पुरळाचा फोटो डॉक्टरांना नीट दिसेल असा कसा काढायचा?

प्रश्न: माझ्या दोन वर्षांच्या मुलाच्या अंगावर पुरळ आलंय. ई-संजीवनीवर व्हिडिओ कॉल केला, पण डॉक्टर म्हणाले, "काहीच स्पष्ट दिसत नाही, फोटो पाठवा." फोटो पाठवला तर तोही अंधुक. उद्या परत कॉल आहे. साध्या मोबाइलवर नीट फोटो कसा काढायचा?

उत्तर:

ताई, मी गावात आशा म्हणून काम करते. आमच्या उपकेंद्रातून असे कॉल लावून देताना आयांना जे सांगते, तेच तुम्हाला सांगते. तुमचा मोबाइल साधा असला तरी चालेल. फोटो बहुतेक वेळा उजेडामुळे आणि अंतरामुळे बिघडतो, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

फोटो आज रात्री काढू नका, उद्या सकाळी उजाडल्यावर काढा. पिवळ्या बल्बखाली सगळी कातडी पिवळट दिसते आणि पुरळाचा खरा रंग कळत नाही. फ्लॅश मारला तर फोटो त्याहून वाईट येतो, कारण मधला भाग पांढराफटक होतो आणि बारीक पुटकुळ्या त्यात विरून जातात. म्हणून फ्लॅश बंद करा आणि खिडकीजवळ किंवा ओट्यावर सावलीत बसा. थेट ऊन अंगावर नको. खाली एकरंगी, फिकी चादर अंथरा, फिकी निळी किंवा राखाडी असली तर उत्तम. लाल-गुलाबी चादरीचा रंग कातडीवर उतरतो. पांढरीशुभ्र चादर असली की मोबाइल उजेड आपोआप कमी करतो आणि मूल आहे त्यापेक्षा काळपट दिसतं.

अंगाला खोबरेल, पावडर, हळद किंवा कॅलामाइन लावलेलं असेल तर मऊ ओल्या कापडाने अलगद टिपून घ्या. तेलाची चकाकी फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसते आणि डॉक्टरांना वाटतं की फोडांत पाणी आहे. मात्र घासू नका आणि खपल्या काढू नका. पुसल्यावर किंवा आंघोळीनंतर कातडी थोडा वेळ लाल राहते, म्हणून पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मोबाइलची मागची काच ओढणीच्या टोकाने पुसा. चुलीजवळ, पिठाच्या हातांनी वापरलेल्या मोबाइलच्या काचेवर कायम एक तेलकट थर असतो, आणि बरेच अंधुक फोटो त्यामुळेच येतात. ब्यूटी किंवा फिल्टर चालू असेल तर तो बंद करा. तो कातडी गुळगुळीत करतो, म्हणजे नेमकं पुरळच पुसून टाकतो.

आता अंतर. सगळ्या आया एकच फोटो काढतात, तोही मोबाइल पुरळाला जवळजवळ टेकवून. त्यात एक लाल धब्बा दिसतो. तो पोटावरचा आहे की मांडीवरचा, हेही डॉक्टरांना कळत नाही. पुरळ कुठे आहे आणि कुठे नाही, यावरूनच डॉक्टर अर्धं निदान करतात. म्हणून तीन अंतरांवरून फोटो काढायचे. पहिला लांबून: पूर्ण पाठ, पूर्ण पोट किंवा दोन्ही पाय एकत्र दिसतील असा. दुसरा हातभर अंतरावरून: एक हात किंवा एक गाल. तिसरा एक वीत अंतरावरून: चार-पाच पुटकुळ्या नीट दिसतील असा. वितीपेक्षा जवळ जाऊ नका, साध्या मोबाइलचा कॅमेरा तिथे फोकस धरू शकत नाही. अजून मोठं दिसायला हवं असेल तर हात तिथेच ठेवून स्क्रीनवर थोडं मोठं करा. काही स्वस्त मोबाइलमध्ये जवळच्या फोटोसाठी 'मॅक्रो' नावाचा वेगळा कॅमेरा असतो. तो बहुतेक वेळा फारच कमी ताकदीचा असतो, त्यापेक्षा नेहमीचा मागचा कॅमेरा चांगला.

जवळच्या फोटोत स्क्रीनवर पुरळावर बोट टेकवा, क्षणभर थांबा, मग बटण दाबा. फोटो निघाल्यावर तो मोठा करून बघा. पुरळाच्या बाजूच्या चांगल्या कातडीवरची बारीक लव किंवा रेघा दिसत असतील तर फोटो बरोबर आहे. त्या दिसत नसतील तर डॉक्टरांनाही काही दिसणार नाही, परत काढा. मूल हलतंच. ते झोपलेलं असताना किंवा अंगावर पीत असताना काढा, किंवा घरातल्या कुणाला खुळखुळा वाजवायला बसवा. बटण दाबून ठेवल्यावर तुमचा मोबाइल लागोपाठ फोटो घेत असेल तर तसे घ्या आणि त्यातला चांगला निवडा. आकार कळावा म्हणून शिवणकामाची टेप पुरळाशेजारी धरा. बऱ्याच जणी नाणं ठेवतात, पण दोन वर्षांचं मूल ते पटकन तोंडात घालतं, त्यापेक्षा टेपच बरी.

एक गोष्ट खास आपल्या मुलांसाठी. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर लाली फारशी उठून दिसत नाही, ती जांभळट किंवा तपकिरी दिसते. त्यामुळे पुरळ वर आलेलं आहे की सपाट, हे दाखवणं जास्त महत्त्वाचं ठरतं. त्यासाठी जवळचा फोटो दोनदा काढा. एकदा उजेड समोरून येऊ द्या. दुसऱ्यांदा बाळाला असं वळवा की खिडकीचा उजेड कातडीवर बाजूने सरकत येईल. मग प्रत्येक पुटकुळीची छोटी सावली पडते आणि उंचवटा लगेच कळतो. फोटोत जे येत नाही ते लिहून कळवा: हात फिरवला तर खरखरीत लागतं का, गरम लागतं का, मूल खाजवतं का, आणि जास्त कधी खाजवतं.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगते. दीड वर्षाच्या एका मुलीचा फोटो तिच्या आईने रात्री फ्लॅश मारून काढला होता. फोटो फक्त पोटाचा होता आणि त्यात दाणे-दाणे दिसत होते, घामोळं म्हणावं तसे. घरात पावडर लावणं चालू होतं. सकाळी आम्ही खिडकीशी बसून पुन्हा फोटो काढले. लांबून पोट आणि पाठ घेतली, मग दोन्ही हात, बोटं फाकवून बेचक्या, मनगटं, कमरेची करगोट्याची जागा आणि तळपाय. तळपायावर बारीक फोड होते, ते आईने पाहिलेच नव्हते. बेचकीच्या फोटोत बाजूच्या उजेडात एक बारीक नागमोडी रेघ स्पष्ट दिसली. बोलता बोलता आई स्वतःचं मनगट खाजवत होती, म्हणून तिच्या मनगटाचाही फोटो घेतला. सोबत लिहिलं: रात्री खाज जास्त, घरात आणखी दोघांना खाज. डॉक्टरांनी ते बघून खरूज असल्याचं सांगितलं आणि औषध फक्त मुलीला न देता घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी लावायला दिलं. कपडे आणि अंथरूण गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवायला सांगितलं. एकट्या पोटाच्या फोटोवरून हे कळणं अवघड होतं.

म्हणून तुम्हीही बाळाला एकदा पूर्ण उघडं करून बघा. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, तळहात-तळपायांवर आणि तोंडाच्या आत बघा. ताप, खोकला आणि लाल डोळे असतील आणि पुरळ कानामागून किंवा चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरत असेल, तर गोवराची शंका येते. अशा वेळी चेहरा आणि कानामागचा फोटो लागतोच, आणि पुरळ कोणत्या दिवशी कुठे दिसलं हेही सांगावं लागतं. गोवराची लस कधी दिली, हे बघायला लसीकरणाचं कार्ड जवळ ठेवा. मेडिकलमधून विचारून एखादी ट्यूब आणून लावली असेल तर तिचाही फोटो काढा, घटक लिहिलेली बाजू दिसेल असा. लपवू नका. काही ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. त्याने खाज तेवढ्यापुरती थांबते, पण गजकर्णासारख्या आजाराचं रूप बदलतं आणि डॉक्टरांची दिशाभूल होते.

लंगोटाच्या जागेवर पुरळ असेल तर तिथला फोटो मोबाइलवरून पाठवण्यापेक्षा बाळाला उपकेंद्रात नेऊन तिथल्या आरोग्य अधिकारी सीएचओ मॅडमना दाखवा. त्या डॉक्टरांना नीट वर्णन करून सांगतील. मुलांचे उघडे फोटो आपल्या मोबाइलमधून कुठेकुठे जातात हे आपल्याला कळत नाही. बाकीचे फोटोही गावाच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, आणि काम झाल्यावर गॅलरीतून पुसून टाका.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो आपोआप बारीक होतो आणि इतक्या कष्टाने काढलेला तपशील त्यात जातो. पाठवताना HD निवडा, किंवा जोडणीच्या पिनेवर जाऊन Document म्हणून पाठवा. उपकेंद्रातून कॉल असेल तर मूळ फोटो असलेला मोबाइलच घेऊन जा. कॉलमध्ये दाखवायची वेळ आली तर पुढचा नाही, मागचा कॅमेरा चालू करा आणि मोबाइल फिरवत बसू नका. एका जागी स्थिर धरा, डॉक्टर "पुढे" म्हणाले की मगच हलवा. रेंज कमी असली की व्हिडिओ पुसट होतो, म्हणून खरा भरवसा आधी काढलेल्या फोटोंवर ठेवायचा.

मात्र काही वेळा फोटो काढत बसायचंच नाही. पारदर्शक काचेचा ग्लास डागावर दाबून बघा. ग्लासातून बघताना डाग फिका पडला नाही, तसाच लाल-जांभळा राहिला, आणि मुलाला ताप असेल, तर उद्याच्या कॉलची वाट बघू नका. सावळ्या अंगावर हे तळहात-तळपायांवर बघणं सोपं जातं. ओठ किंवा डोळे सुजले, श्वास घेताना धाप लागली, मूल मलूल पडलं, पीत नसलं, किंवा कातडी सोलून निघायला लागली, तरी तसंच. 108 ला फोन करा आणि थेट दवाखान्यात न्या.

तुमच्या बाळाचं असं काही नसेल तर उद्या सकाळचा उजेड मिळेपर्यंत अंगाला नवीन काही लावू नका. कॉल झाल्यावर डॉक्टरांनी दोन-तीन दिवसांनी परत दाखवायला सांगितलं, तर त्याच खिडकीशी, त्याच वेळी आणि तेवढ्याच अंतरावरून पुन्हा फोटो काढा. उजेड बदलला तर पुरळ उतरलंय की नुसता रंग वेगळा दिसतोय, हे त्यांना सांगता येत नाही.