कंपनीने स्टाफ कँटीनसाठी प्रस्ताव मागवलाय, कामगार ४०० आहेत. ताटाचा दर आणि महिन्याचा मेनू कसा लिहायचा?

दराचं नंतर. आधी तो ४०० चा आकडा कुठून आला ते कंपनीला विचारा. मस्टरवरचे ४०० आणि ताटावर बसणारे ४०० यांतला फरक मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत वर्षभर खिशातून भरलाय.

मीही मागणीपत्रातले ४०० च धरले होते. किराणा, भाजी, गॅस मिळून ताटामागे ४२ रुपये. आचारी, पोळ्या लाटणाऱ्या बाया, वाढपी, भांडेवाल्या यांचे पगार पीएफसकट आणि टेम्पो, असे रोजचे ७,२००. भागिले ४००, म्हणजे १८. वर ५ रुपये नफा. दर ६५. पहिल्याच आठवड्यात ताटं निघाली २६०, कारण बाकीचे घरून डबा आणायचे. ताटं कमी झाली म्हणून बायांचा पगार कमी होत नाही. तेच ७,२०० आता २६० ताटांवर आले, ताट पडलं जवळपास ७० ला आणि हातात येत होते ६५. रोज १,२२० चा खड्डा. ६५ मधून ४२ गेले की २३ उरतात. ७,२०० ला २३ ने भागा, ३१३ च्या खाली तोटाच.

म्हणून "रोज किमान ३२० ताटांची हमी" ही ओळ दराच्या शेजारीच टाका, शेवटच्या अटींत लपवू नका. कंपनी कुरकुरली तर कमी पडलेल्या ताटांचे पूर्ण ६५ न मागता २३ मागा. किराणा तर वाचतोच ना. माझा भागीदार, नात्याने साळा, तेव्हा म्हणाला होता, "भाऊजी, असं लिहाल तर आपला लिफाफा उघडतील बी नाही." मी ऐकलं. पुढच्या वर्षी तेच काम दुसऱ्याने घेतलं, किमान ताटांची अट लिहूनच. त्यावर साळेबुवांनी अजून तोंड उघडलेलं नाही.

मेनू चार आठवड्यांच्या चक्राचा द्या. ते ४२ रुपये चक्रातल्या सगळ्या २४ दिवसांची सरासरी असली पाहिजे: आमचा झुणक्याचा दिवस ३४ ला पडायचा, पनीरचा ५४ ला. "पोटभर" हा शब्द लिहू नका. ४ पोळ्या, भाजी १२० ग्राम असं लिहा. आणि पदार्थ वाराला बांधताना हंगाम बघा. आम्ही दर दुसऱ्या शुक्रवारी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, लिहून बसलो. हिवाळ्यात ठीक होतं, मे महिन्यात सांबाराची जुडी हातात घेऊन आचारी माझ्याकडे नुसता बघत उभा. "किंवा त्याच किमतीचा हंगामी पदार्थ" एवढं जोडलं असतं तर भागलं असतं.

हो, आकडे जुने आहेत. कळमना बाजारातले आजचे भाव लावून घ्या, जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवा. आमच्याकडे जागा आणि वीज कंपनीची होती, गॅस माझा. तुमच्याकडे वेगळं असेल तर ४२ आणि ७,२०० दोन्ही नव्याने काढावे लागतील.