२३ कृमींचा मासा वगळायचा का?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी गोदावरीतले ४० वाम मासे चिरून आतड्यातले पट्टकृमी मोजले. २६ माशांत काहीच नाही. बाकी १४ माशांत १, १, १, १, २, २, २, ३, ३, ४, ५, ८, १४ आणि २३. एकूण ७०. सरासरी ५ लिहू की १.७५? आणि सर म्हणतात, २३ चा मासा आउटलायर आहे, काढून टाक. काढू का?

उत्तर: काढू नका. तो मासा काढला तर प्रकल्पातली सर्वांत बोलकी नोंदच जाईल.

आधी सरासरीचं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ४० पैकी १४ मासे बाधित, म्हणजे प्रिव्हलन्स ३५ टक्के. ७० कृमी फक्त त्या १४ बाधित माशांत वाटले की ५ येतात, ती मीन इंटेन्सिटी. तेच ७० कृमी शून्यवाल्यांसह सगळ्या ४० माशांत वाटले की १.७५, तो मीन ॲबंडन्स. ०.३५ ला ५ ने गुणलं की १.७५ यायलाच हवेत. नाही आले तर बेरीज पुन्हा तपासा. जुन्या प्रबंधांत ‘डेन्सिटी’, ‘इंडेक्स’ असे शब्द ज्याला जसे सुचले तसे वापरलेले दिसतात. १९८२ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये परजीवीशास्त्रज्ञांनी या संज्ञांच्या व्याख्या नक्की करून दिल्या, तेव्हा नुसतं ‘सरासरी’ लिहू नका.

आता २३ चा मासा. तो वगळून बघा: प्रिव्हलन्स ३५ वरून ३३ टक्क्यांवर येतो, जवळपास तोच. पण मीन इंटेन्सिटी ५ वरून ३.६ वर घसरते. एका माशाच्या जाण्याने एवढा फरक पडतो, म्हणून सोबत मध्यक द्या: बाधित माशांचा मध्यक २.५ आहे. म्हणजे ‘नेहमीच्या’ बाधित माशात दोन-तीनच कृमी, पाच नव्हेत.

कृमी माशांवर निव्वळ योगायोगाने पडले असते तर काय दिसलं असतं? सरासरी १.७५ असताना प्वासाँ वितरणानुसार साधारण ७ मासे रिकामे राहिले असते. तुमच्याकडे २६ आहेत. योगायोगाच्या वाटणीत व्हेरियन्स सरासरीएवढाच असतो. तुमचा १९ आहे, सरासरीच्या जवळपास अकरापट. आणि ७० पैकी ३७ कृमी फक्त दोन माशांत आहेत. अशा असमान वाटणीला बसणाऱ्या ऋण द्विपद वितरणाचा k काढायचा असेल तर ढोबळ सूत्र असं, यात m म्हणजे सरासरी, s² म्हणजे व्हेरियन्स आणि n म्हणजे माशांची संख्या:

```
k = (m² − s²/n) / (s² − m)
  = (3.06 − 0.48) / (19.01 − 1.75) ≈ 0.15
```

k जितका लहान तितकी गर्दी जास्त. क्रॉफ्टनने १९७१ मध्ये गॅमरस या गोड्या पाण्यातल्या कवचधारी प्राण्यातल्या काटेरी डोक्याच्या कृमींवरून हेच मांडलं, आणि ही दाटी म्हणजे परजीवीपणाची खूणच मानली. तुमचे आकडे विचित्र नाहीत, नेहमीचेच आहेत.

दाटी का होते? पट्टकृमी माशाच्या आतड्यात अंडी घालतो, पण ती तिथेच वाढून कृमींची संख्या वाढत नाही. प्रत्येक कृमी बाहेरून, एकेका अळीच्या रूपात येतो. वाममध्ये सापडणाऱ्या सेंगासारख्या कृमींची अळी सायक्लॉप्ससारख्या बारीक प्राण्यांत असते. असे बाधित प्राणी नदीभर सारखे पसरलेले नसतात. एखाद्या डोहात पुष्कळ, बाकी पात्रात तुरळक. त्या डोहात चरणाऱ्या माशाच्या पोटात एकाच बैठकीत अनेक अळ्या जातात. त्यात कोणाची प्रतिकारशक्ती कमी, कोणी वयाने मोठा म्हणून जास्त दिवस खात आलेला. एकेक कारण छोटं असलं तरी ती एकमेकांवर चढत जातात.

पण दाटी तुमच्याच हाताने तयार होऊ शकते, इथे जपा. उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले, वीतभर आणि हातभर मासे एकाच पिशवीत टाकलेत तर व्हेरियन्स फुगणारच. लांबीनुसार गट पाडून प्रत्येकात पुन्हा मोजा. दुसरं, पट्टकृमी तुटतो. तुकडे मोजलेत तर एकाचे तीन होतात, म्हणून स्कोलेक्स, म्हणजे डोकीच मोजा. तो २३ मला याच कारणासाठी तपासायला आवडेल, ‘फार मोठा आहे’ म्हणून नव्हे. आणि बाजारातून आणलेल्या शिळ्या माशात लहान कृमी विरघळून गेलेले असतात; तिथले काही शून्य खोटे असतात.

दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर मीन इंटेन्सिटीवर टी-टेस्ट लावू नका. प्रिव्हलन्ससाठी फिशरची चाचणी आणि सरासऱ्यांसाठी बूटस्ट्रॅप वापरा.

आणखी एक. मोठ्या माशांच्या गटात व्हेरियन्स आणि सरासरीचं गुणोत्तर घटलेलं दिसलं, तर ‘जास्त कृमीवाले मासे मेले’ असं लगेच लिहू नका. क्रॉफ्टनने तसा अर्थ सुचवला होता खरा, पण मोठी वाम बारीक प्राणी सोडून मासे-कोळंबी खायला लागते, त्यानेही आकडे तसेच दिसू शकतात. आतड्याबरोबर जठरातलं खाद्यही नोंदवलं असेल तरच यातलं काय खरं ते सांगता येईल.