सिल्हूट म्हणजे फिटिंग नव्हे

"फॅशनच्या अंदाजात 'येत्या हंगामात रुंद सिल्हूट' असं वाचलं. सिल्हूट म्हणजे फिटिंगच ना? मराठीत काय म्हणावं? आणि रंग, कापड, सिल्हूट हे सगळं इतकं आधी कसं सांगतात?"

फिटिंग नव्हे हो! हे ऐकून ऐकून कान किटले. अंग आणि कापड यांच्यात किती जागा उरते, ते फिटिंग. सिल्हूट म्हणजे बाहेरची कड. फोटोतला माणूस कपड्यांसकट काळा रंगवून टाका. बटणं, खिसे, नक्षी सगळं बुडालं तरी दोन पोशाख वेगळे ओळखू येत असतील, तर त्यांचं सिल्हूट वेगळं.

आता खरी गंमत. एत्येन द सिल्हूएत हा फ्रान्सच्या पंधराव्या लुईचा अर्थमंत्री. 1759 साली, युद्धाने खजिना आटलेला असताना, त्याने श्रीमंतांवर कर बसवायला घेतले आणि आठेक महिन्यांतच पद गमावलं. मग जे जे स्वस्त नि काटकसरीचं, त्याला लोक त्याचं नाव चिकटवू लागले. कागद कापून केलेली काळी चित्रं रंगवलेल्या तसबिरीपेक्षा स्वस्त, म्हणून तीही 'सिल्हूट'. काहीजण सांगतात की तो स्वतःच फावल्या वेळात अशी चित्रं कापायचा. मला ही मागाहून रचलेली कथा वाटते. त्याचं आडनाव मुळात बास्क, आणि त्यातल्या 'झुलो'चा अर्थ भोक! आतलं सगळं काढून टाकून कड तेवढी ठेवणाऱ्या शब्दाला याहून शोभेसं मूळ कुठून आणायचं?

मराठीत 'छायाकृती' सुचवणाऱ्यांनी कपडा कधी बेतलेला नसावा. आपल्याकडे 'घाट' आहे की! दागिन्याचा घाट, भांड्याचा घाट. माझ्या मते तो 'घडणे'च्याच घरातला, आणि नेमका हाच अर्थ देतो. पॅरिसच्या दिऑर या फॅशनकाराने 1954 आणि 1955 मध्ये आपल्या संग्रहांना एच, ए, वाय अशी अक्षरांची नावं दिली. ए म्हणजे खांद्याशी अरुंद, खाली पसरत गेलेला. हे घाटच.

हां, अंदाजाचं राहिलं. रंग साधारण दोन वर्षं आधी ठरतो, कारण सूत रंगवणाऱ्यांना सगळ्यांत आधी कामाला लागावं लागतं. कापड साधारण वर्षभर आधी, पॅरिसच्या प्रीमिएर व्हिजनसारख्या कापडाच्या प्रदर्शनांत दिसतं. घाट सगळ्यांत शेवटी, कारण तो कात्रीखाली बदलता येतो. पण पूर्णपणे नाही, आणि नवखे अंदाजकार इथेच फसतात. रुंद पायाच्या पँटचा एकच कागदी साचा घ्या. जाड डेनिममध्ये ती खांबासारखी अंगापासून सुटी उभी राहते. पातळ व्हिस्कोसमध्ये तीच पायांवर लोळते आणि काळी रंगवली तर जवळपास अरुंद दिसते. साचा तोच, घाट दोन. तेव्हा नुसतं 'रुंद सिल्हूट' वाचलंत, तर शेजारी कापडाचं वजन लिहिलंय का ते बघा. नसेल, तर तो अंदाज अर्धाच.