पलीकडून कुणी बोलतच नाही तेव्हा

"फोन उचलला की नुसती खुडबुड. दोनदा ‘हॅलो’ म्हटलं, उत्तर नाही. व्हॉइस नोट आली तर तिच्यातलंही काही कळत नाही. मस्करी असेल तर? किती वेळ द्यायचा?"

हेल्पलाइनवर नवे आलेले स्वयंसेवक हे विचारतात. आम्ही अशा सायलेंट कॉलला निदान तीन मिनिटं देतो. सारखं ‘हॅलो, हॅलो’ करू नका. ते वैतागल्यासारखं ऐकू येतं आणि धीर गोळा करणारं माणूस फोन ठेवून देतं. एकदाच सांगा, "मी ऐकतेय, घाई नाही," आणि घड्याळ बघून वीस सेकंद गप्प राहा.

प्रशिक्षणात ओळख बदलून घेतलेला एक कॉल आम्ही नेहमी समजावून सांगतो. दुपारची वेळ. पलीकडे पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, मध्येच पुरुषाचा खोकला. चाळीतल्या एका खोलीत बोलायला आडोसा कुठला! स्वयंसेविकेने विचारलं, "बोलणं अडचणीचं असेल तर फोनवर बोटाने एकदा टक करा, नसेल तर दोनदा." एक टक आली. पण टक चुकूनही होते, म्हणून तिने उलटं विचारलं, "म्हणजे तुम्हाला मोकळेपणी बोलता येईल?" दोन टक. आता खात्री झाली: एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पुढे एका प्रश्नात एकच गोष्ट. "कुणी मारेल अशी भीती आहे?" दोन टक. "जीव द्यावासा वाटतोय?" बराच वेळ काही नाही, मग एक. तिने हात वर करून सुपरवायझरला बोलावलं आणि विचारलं, "आत्ता लगेच काही करायचा बेत आहे?" दोन टक. "सहानंतर एकट्या असाल?" एक. "मग तेव्हा तुम्हीच फोन लावा." आपण उलट फोन करत नाही, कारण तो कुणाच्या हातात वाजेल ते सांगता येत नाही.

सहाला फोनऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस सेकंदांची नोट आली, सगळी खसखस. ओढणीखाली धरून बोललं की कापड माइकवर घासतं आणि हळू आवाज त्यात बुडतो. अशी नोट स्पीकरवर लावू नका. इअरफोन घाला, वेग 1x आहे ना ते बघा. पहिल्यांदा नुसती ऐका, दुसऱ्यांदा शब्दांसाठी, तिसऱ्यांदा आजूबाजूच्या आवाजांसाठी. नोट ऐकली की पाठवणाऱ्याच्या फोनवर माइकचं चिन्ह निळं होतं. तिला कळतं की ऐकलंय, म्हणून उत्तर लगेच हवं. तेही लेखी, आणि दुसऱ्या कुणी वाचलं तरी चालेल असं: "नोट मिळाली, आवाज नीट आला नाही. टाईप करता येईल का?"

नोंदवहीत अंदाज शब्द म्हणून लिहू नका. त्या नोटीची नोंद अशी होती: ‘0:14 – "घरी" की "भारी", अस्पष्ट. 0:31 – रडणं. मागे लोकलची घोषणा, स्टेशनचं नाव कळलं नाही.’ नाव कळलं असतं तरी ती तिथेच राहते असं त्यावरून ठरत नाही. तिचं उत्तर सात मिनिटांनी आलं, एकच शब्द: ‘हो’. पुढचा प्रश्न सुपरवायझरने शेजारी बसून लिहून दिला.