‘भावपूर्ण श्रद्धांजली’ जर्मनमध्ये कशी लिहावी?

“आम्ही स्टुटगार्टला राहतो. खालच्या मजल्यावरचे आजोबा परवा वारले. आमच्या मुलावर त्यांचा जीव होता. आजींना भेटायला जायचंय आणि कार्डही द्यायचंय. ‘भावपूर्ण श्रद्धांजली, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ हे जर्मनमध्ये कसं लिहू? की नुसतं ‘एस टूट मिअर लाइट’ पुरे?”

कार्डावर ‘माइन हेर्त्सलिशेस बायलाइट’, म्हणजे ‘माझं मनापासून सांत्वन’, असं लिहा आणि दारातही तेच म्हणा. श्रद्धांजलीचा अनुवाद मात्र करू नका, कारण श्रद्धांजली आपण गेलेल्या माणसाला वाहतो. त्या दोन शब्दांत आजी कुठेच नाहीत. आपल्याकडे ते खपून जातं, कारण वाचणाऱ्यालाही तो रिवाज ठाऊक असतो. जर्मनमधलं ‘रूए इन फ्रीडन’, म्हणजे ‘शांतपणे विसाव’, हेही असंच थेट मृताला उद्देशून, तेही एकेरीत म्हटलेलं वाक्य आहे. थडग्यावर ते शोभतं. आजींच्या हातात दिलं, तर त्यांच्याशी काहीच न बोलल्यासारखं होईल.

‘बायलाइट’ मागे राहिलेल्याला उद्देशून असतं. ‘लाइट’ म्हणजे दुःख आणि ‘बाय’ म्हणजे जवळ, सोबत. याचाच लेखी भाऊ ‘आनटाइलनामे’. त्यातला ‘आनटाइल’ म्हणजे वाटा, हिस्सा, आणि पुढे घेण्याचं क्रियापद. दुःखातला वाटा उचलणं. म्हणजे मराठीत याला सगळ्यात जवळचं वाक्य ‘आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत’. गंमत अशी की हे वाक्य आपण पत्रात लिहितो, पण समोर बसून कुणी म्हटलं तर भाषण वाटतं. समोर आपण ‘फार वाईट झालं हो’ म्हणतो, ‘स्वतःला सांभाळा’ म्हणतो, नाहीतर नुसते बसून राहतो. जर्मन माणूस ते औपचारिक वाक्य हात हातात घेऊन, डोळ्यांत बघून तोंडाने म्हणतो, आणि ते पुस्तकी वाटत नाही.

त्यातल्या ‘हेर्त्सलिश’मुळे बिचकू नका. वाढदिवसाच्या ‘हेर्त्सलिशन ग्ल्युकवुन्श’मध्येही तोच शब्द आहे, म्हणून शिकणाऱ्यांना शोकात तो विचित्र वाटतो. आपलं ‘हार्दिक’ शुभेच्छा आणि अभिनंदनाला चिकटलं. ‘हार्दिक सांत्वन’ कानाला खटकतं. जर्मनमध्ये ‘मनापासून’ एवढाच अर्थ उरला आहे आणि तो दोन्हीकडे चालतो. तरी नको वाटलं तर ‘आउफरिश्टिगेस’, म्हणजे प्रामाणिक, खरंखुरं, हे विशेषण घाला. ते किंचित अंतर राखतं, म्हणून ऑफिसातल्या साहेबांसाठी जास्त बरं. शेजारच्या आजींना हेर्त्सलिशच.

आता ‘एस टूट मिअर लाइट’, म्हणजे ‘मला वाईट वाटतं’. चूक नाही, पण एकटं सोडलं तर अर्धवट आहे. कुणाचा पाय तुडवला, भेटीला उशीर झाला, तरी हेच म्हणतात. त्यामुळे नुसतं तेवढंच उच्चारलं तर क्षणभर ‘माफ करा’चा भास होतो. ‘झेअर’ म्हणजे ‘फार’ घालून पुढे ‘तुमचे यजमान गेले याचं’ हे जोडलंत तर वाक्याला तोंड मिळतं आणि ते सांत्वन होतं. (हा ‘लाइट’ छोट्या अक्षराने लिहायचा की मोठ्या, यावर जर्मनांचाही घोळ झालाय. 1996 च्या शुद्धलेखन सुधारणेत तो मोठा झाला, 2006 मध्ये परत छोटा. तुम्ही छोटाच लिहा. ‘बायलाइट’ मात्र नाम आहे, ते मोठ्या अक्षरानेच.)

दुसरा खड्डा आपल्या ‘गेले’चा. मराठीत आपण मृत्यूचं नाव घेत नाही. गेले, वारले, देवाज्ञा झाली. तेच डोक्यात ठेवून ‘एर इस्ट गेगांगन’ म्हणालात तर ‘ते निघून गेले’ एवढंच कळेल, बाजारात गेले असं. ‘फोन उन्स गेगांगन’, म्हणजे ‘आपल्यातून गेले’, हा प्रयोग आहे, पण तो सहसा घरच्यांनी छापलेल्या निधनवार्तेत असतो. तुम्ही सरळ ‘त्सुम टोड’, ‘मृत्यूबद्दल’, लिहा. मराठी कानाला कठोर वाटेल, तिथे तो साधा शब्द आहे.

देवाचा उल्लेख टाळा. आजी चर्चला जातात की नाही हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्यांच्या नवऱ्याच्या आत्म्याचं काय व्हावं हे आपण ठरवू नये.

कार्डाचा मजकूर मी असा करेन. सुरुवात ‘लीबे फ्राउ’, म्हणजे ‘प्रिय श्रीमती’, आणि आडनाव. ‘झेअर गेएअर्टे’ नको, ते बँकेच्या पत्रासारखं दिसतं. मग ‘त्सुम टोड ईअरेस मानेस माइन हेर्त्सलिशेस बायलाइट’, तुमच्या यजमानांच्या मृत्यूबद्दल माझं मनापासून सांत्वन. यातलं ‘ईअरेस’ मोठ्या अक्षराने सुरू करा. मोठं अक्षर म्हणजे आदराने ‘तुमच्या’, छोटं म्हणजे ‘तिच्या’. छोटं लिहिलंत तर आजींनाच दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याबद्दल कळवल्यासारखं होतं, आणि मोबाइल ही चूक दाखवत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. कुटुंबातर्फे लिहिणार असाल तर ‘माइन’च्या जागी ‘उन्झर’.

त्यानंतर एक ओळ तुमची स्वतःची. आजोबा जिन्यात भेटले की मुलाशी कसे बोलायचे, किंवा तिकडची ती जिना झाडायची पाळी, ‘केअरवोखे’, त्यांनी तुम्हाला समजावून दिली असेल, तर ते. शेवटी ‘वीअर वेर्डन ईन फेरमिसन’, आम्हाला त्यांची उणीव भासेल. वरचं वाक्य शंभर कार्डांवर तेच असतं. आजी ही ओळ पुन्हा वाचतील.

सहीच्या वर ‘इन श्टिलर आनटाइलनामे’. इथे मी एकदा घसरलो आहे. दुकानातल्या काळ्या कडेच्या कार्डावर पाहिलं होतं म्हणून घरमालकिणीला ‘इन श्टिलर ट्राउअर’ लिहून पाठवलं. एका मैत्रिणीने हळूच सांगितलं की ‘ट्राउअर’ हा शोक स्वतःचा, सुतकात असलेल्यांचा. निधनवार्तेखाली घरची माणसं तो लिहितात. बाहेरच्याने सहभाग लिहावा, शोकावर हक्क सांगू नये.

अंत्यविधीला जाणार असाल तर वर्तमानपत्रातली निधनवार्ता आधी वाचा. थडग्यापाशी सांत्वन करू नये, अशी विनंती कधी कधी तीत असते. तसं असेल तर तिथे नुसती मान लववा आणि कार्ड पोस्टाच्या पेटीत टाका.

भेटीला गेलात तर ‘काय झालं होतं?’ ने सुरुवात करू नका. आपल्याकडे तो जिव्हाळ्याचा प्रश्न असतो. आजारपण, हॉस्पिटल, शेवटची रात्र असं सगळं सांगून माणूस मोकळा होतो. तिथे ओळख बेताची असेल तर चौकशी वाटण्याचा संभव आहे. त्या सांगतील तेवढं ऐका. तुमच्या ‘बायलाइट’वर त्या ‘डांके’ म्हणतील, चकित होऊ नका. आपल्यात सांत्वनाला कुणी धन्यवाद म्हणत नाही, तिथे तेच उत्तर आहे. त्यावर ‘बिटे’ म्हणायची गरज नाही.

आणि निघताना जीभ अडखळेल. मर्तिकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं. ‘आउफ वीडरझेएन’चा शब्दशः अर्थ तर ‘पुन्हा भेटेपर्यंत’. तिथे त्यात अशुभ काही नाही. खुशाल म्हणा, फक्त जरा हळू आवाजात.