अनशापोटी व्यायाम की केळं खाऊन?

प्रश्न: सकाळी सहाला जिमला जातो. ट्रेनर म्हणतो काही न खाता ये, चरबी लवकर जळते. पण डेडलिफ्टच्या दिवशी तिसऱ्या सेटला डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी केळं खाल्लं तर चरबी जळणं थांबेल का?

नाही थांबणार. अंधारी मात्र केळ्यानेच जाईल असंही नाही, त्याकडे नंतर येते.

तुमचा ट्रेनर जे सांगतो त्यात अर्धी गोष्ट खरी आहे. रात्रभर काही खाल्लेलं नसलं की इन्सुलिन खाली असतं आणि व्यायामात शरीर चरबी जास्त वापरतं. आता आकडे घालून पाहू. समजा, तुम्ही चाळीस मिनिटं भरभर चाललात आणि 250 कॅलरी खर्च झाल्या. अनशापोटी त्यातल्या 60 टक्के चरबीतून आल्या आणि केळं खाऊन 45 टक्के, असं धरलं तर फरक पडतो साधारण 38 कॅलरींचा, म्हणजे चार ग्रॅम चरबीचा. तोही टिकत नाही. सकाळी चरबी जास्त वापरली की उरलेल्या दिवसात शरीर कर्बोदकं जास्त वापरतं, आणि दिवसाअखेर हिशेब जवळपास बरोबरीत येतो.

हे तपासलेलंही आहे. 2014 मध्ये अमेरिकेत 20 तरुणींवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. सगळ्यांचा आहार सारखाच कमी केलेला, आठवड्यातून तीन दिवस तासभर कार्डिओ. निम्म्या जणी उपाशी, निम्म्या आधी शेक पिऊन. चरबी दोन्ही गटांची उतरली आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. प्रयोग लहान होता, पण वरच्या हिशेबाशी त्याचा मेळ बसतो.

म्हणजे चरबीसाठी दोन्ही चालतं, दिवसभराचं खाणं आवरलेलं असेल तर. माझं घोडं इथेच अडलं होतं. मी मुलुंडला राहते, ऑफिस फोर्टला. सहाला जिम, मग सव्वाआठची फास्ट गाठायची. दोन महिने मी अगदी कडक अनशापोटी व्यायाम केला. मग साडेसातला जिममधून बाहेर पडलं की पोटात आगीचा डोंब, आणि स्टेशनबाहेर गरम वडापाव. एक वडापाव म्हणजे ढोबळमानाने तीनशे कॅलरी, आणि मी एकावर थांबणारी नव्हे. चाळीस मिनिटांची कमाई सात मिनिटांत परत. वजनाचा काटा हलला नाही, तेव्हा मी दोष ‘मंद मेटाबॉलिझम’ला देत होते.

आता वर्कआउटच्या दर्जाबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. रात्रीच्या झोपेत यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो, पण स्नायूंमधला साठा जवळपास तसाच राहतो, आणि डेडलिफ्टचे पाच रेप त्या स्नायूंतल्या साठ्यावरच निघतात. म्हणून तासाच्या आतल्या व्यायामात उपाशी असल्याचा फटका सहसा कमी बसतो. तास-दीड तासाच्या धावण्यात मात्र आधी खाल्लेलं उपयोगी पडतं.

मग माझे सेट का ढासळत होते? वही काढून पाहिलं. 60 किलोचे पाच-पाचचे चार सेट. तीन आठवडे काही न खाता, आदल्या रात्री आठला जेवून: 5, 5, 4, 3. पुढचे तीन आठवडे अर्धा तास आधी एक केळं: 5, 5, 5, 5. आणि मध्ये एकदा पाहुण्यांमुळे रात्री साडेदहाला जेवण झालं, तेव्हा काही न खाताही 5, 5, 5, 4 निघाले. आपल्याकडे हे फार लोक विसरतात. ऑफिसमधून नऊला घरी, साडेदहाला भात-आमटी, आणि सहाला जिम. हा साडेसात तासांचाच उपास आहे, त्याला अनशापोटी म्हणण्यात फारसा दम नाही. आठला जेवणाऱ्याचे मात्र दहा तास होतात.

माझी वही म्हणजे काही पुरावा नव्हे. केळ्याने जोर आला की केळं खाल्लंय या समाधानाने, हे मला सांगता येणार नाही. कारण रोज नाश्ता करणाऱ्या पुरुषांवरच्या एका प्रयोगात प्रत्येकाला एकदा कर्बोदकांचा दाट नाश्ता दिला, एकदा तसाच दाट पण जवळजवळ कॅलरी नसलेला, आणि एकदा नुसतं पाणी. दाट खाल्लेल्या दोन्ही वेळांना स्क्वॉट नुसत्या पाण्याच्या वेळेपेक्षा जास्त निघाले. भूक शमली की हात चालतो, असाच त्याचा अर्थ मी लावते. म्हणून ज्याला सकाळी मुळात भूकच लागत नाही त्याने जबरदस्तीने खाऊ नये.

आता अंधारी. डेडलिफ्टमध्ये श्वास रोखून पोट घट्ट धरतो, आणि बार खाली ठेवून श्वास सोडला की रक्तदाब क्षणभर घसरतो. बार ठेवल्या ठेवल्या दोन सेकंद अंधारी येऊन लगेच जात असेल, तर कारण बहुधा हेच. रेपच्या मध्ये श्वास घ्या आणि सेट संपल्यावर लगेच ताठ उभे राहू नका. बसल्या जागेवरून उठताना चक्कर आणि लघवी गडद पिवळी, हे पाण्याचं काम. मुंबईच्या दमटपणात घाम किती जातो हे कळायला व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो कमी दिसलं तर ते पाणी आहे, चरबी नव्हे (आमच्या जिममधले एक काका रोज त्यावर खूश होतात). उठल्यावर दोन पेले पाणी आणि चिमूटभर मीठ यानेच अनेकांचं भागतं. हात थरथरणं, गार घाम आणि एकदम उसळलेली भूक मात्र साखर उतरल्याची खूण. थांबा आणि काहीतरी गोड खा. तरीही वारंवार होत असेल तर हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी व्यायाम नकोच.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. चालण्याच्या किंवा हलक्या कार्डिओच्या दिवशी नुसतं पाणी, हवी तर बिनसाखरेची काळी कॉफी. कटिंग चहा घेऊन ‘उपाशी आहे’ म्हणू नका, त्यात दूध आणि साखर दोन्ही असतात. डेडलिफ्ट-स्क्वॉटच्या दिवशी अर्ध्या तासापूर्वी एक केळं किंवा दोन-तीन खजूर, बस. पोहे किंवा उपमा खायचाच तर निदान तास-दीड तास आधी, आणि शेंगदाणे-तेल कमी. नाहीतर डेडलिफ्टला वाकताना ते घशाशी येतं. केळ्याच्या शंभरेक कॅलरी दिवसाच्या हिशेबातून कुठेतरी वजा करा, मी दुपारच्या जेवणातली एक पोळी कमी करते. व्यायामानंतर डब्यात उकडलेली तीन अंडी आणि एक पेला दूध, म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम प्रोटीन. ते स्टेशन येण्याआधीच पोटात गेलं की वडापावची गाडी ओलांडून पुढे जाता येतं, निदान पाचातले चार दिवस तरी.

तीन आठवडे दोन्ही प्रकारे वहीत रेप लिहून ठेवा आणि ट्रेनरला दाखवा. माझ्या ट्रेनरने वही पाहिली, काही बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी बार 62.5 किलोचा लावला.